२८-०-२८ चा अॅम्प्लिफायर: गाणं थांबल्यावरही करंट वाढतच जातो. हीट सिंक मोठा करू की दोष दुसरीकडे आहे?

मिलिव्होल्ट

अॅम्प्लिफायर क्लास एबीचा आहे. सप्लाय प्लस-मायनस २८ व्होल्ट, आउटपुटला एका चॅनलमागे 2N3055 आणि MJ2955 ची एक जोडी, एमिटरला ०.१ ओहमचे रेझिस्टर. बायससाठी BD139 आहे आणि तो पीसीबीवर उभा आहे. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच हीट सिंकवर, मायका लावून. स्पीकर ८ ओहम.

नुसता चालू ठेवून अर्धा तास गरम होऊ दिला आणि मग एमिटर रेझिस्टरवर ५ मिलिव्होल्ट येतील असा प्रीसेट लावला, म्हणजे ५० मिली अँपियर. सिग्नल दिला नाही तर दोन-तीन तास हा आकडा हलत नाही. पण मध्यम आवाजात अर्धा तास गाणी लावली की हीट सिंक ७२ अंशांवर जातो (खोली ३२). गाणं बंद केलं की त्याच रेझिस्टरवर २८ मिलिव्होल्ट दिसतात. ते हळूहळू खाली यायला हवेत, तर पाच मिनिटांत ४० होतात आणि मग फ्यूज उडतो. एकदा जोडीच गेली.

पुढे दोन स्पीकर पॅरलल लावायचे आहेत, म्हणजे लोड ४ ओहम. दुकानात हीट सिंक इंचांवर विकतात, मला तो हिशोबाने घ्यायचा आहे. किती घ्यावा?

---

सांगलीकर

2N3055 ११५ वॅटचा आहे. ८ ओहमवर तुम्ही त्याच्याकडून १०-१५ वॅटसुद्धा जाळत नसाल. हीट सिंकचा प्रश्नच येत नाही, ट्रान्झिस्टर नकली असणार. बदला.

---

वैदर्भी

सांगलीकर, ११५ वॅट हा आकडा केस २५ अंशांवर असतानाचा आहे. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.६६ वॅट वजा होतात. केस ९० अंशांवर गेली की हाच ट्रान्झिस्टर ७२ वॅटचा उरतो, २०० अंशांवर शून्याचा. आपल्याकडे मे महिन्यात बंद डब्यात २५ अंश कुठून आणणार? डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे वॅट हीट सिंक निवडायला उपयोगाचे नाहीत.

---

तारकाम

माझा 7812 पण असाच तापतो. २० व्होल्ट इनपुट, १ अँपियर लोड. दहा मिनिटांनी आउटपुट जातं, थोड्या वेळाने आपोआप येतं. हाही रनअवेच का, म्हणजे तापून करंट वाढणं आणि त्याने आणखी तापणं?

---

वैदर्भी

नाही. त्यात ८ वॅट जळतात, आत तापमान बघणारं सर्किट असतं, ते आउटपुट बंद करतं आणि गार झालं की परत चालू करतं. तुमचा रेग्युलेटर स्वतःला वाचवतोय. मिलिव्होल्ट यांच्या ट्रान्झिस्टरला वाचवणारं कोणी नाही. तुम्हाला फक्त हीट सिंक लावायचा आहे, किंवा इनपुट १५-१६ व्होल्टवर आणा म्हणजे उष्णता निम्मी होईल.

---

जुना_रेडिओवाला

मिलिव्होल्ट, तुम्ही मोजमाप इतकं नीट दिलं आहे की दोष त्यातच दिसतो. नुसता चालू असताना स्थिर, पण वाजवून थांबवल्यावर परत न येणारा. एकच सर्किट दोन तऱ्हांनी का वागतं ते आधी बघू, मग हीट सिंकचा आकडा काढू.

बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. तुमचा BD139 पीसीबीवर आहे, त्याला हीट सिंक तापल्याचा पत्ताच नाही, म्हणून तो बेसला तेच जुनं व्होल्टेज देत राहतो. ट्रान्झिस्टरला मात्र आता कमी व्होल्टेज पुरतं. उरलेलं व्होल्टेज करंट वाढवतं, करंट वाढला की २८ व्होल्टवर वॅट वाढतात, वॅट वाढले की जंक्शन आणखी तापतं.

आता हे चक्र विझतं की भडकतं ते एका गुणाकारावर ठरतं. जंक्शन १ अंश वाढलं तर करंट किती वाढतो, त्याने वॅट किती वाढतात आणि त्या वॅटनी जंक्शन परत किती अंश वाढतं. शेवटचं उत्तर १ पेक्षा कमी आलं तर चक्र विझतं, जास्त आलं तर भडकतं. खाली G म्हणजे हेच उत्तर, RE म्हणजे एमिटरचा रेझिस्टर, re म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आतला एमिटरचा रेझिस्टन्स आणि Rth म्हणजे दर वॅटला चढणारे अंश.

```
G = Vce × 0.002 / (re + RE) × Rth
re = 0.026 / Ic
```

तुमचा हीट सिंक मी २ अंश प्रति वॅट धरतो. ८ ओहमवर जोडी मिळून २० वॅट जळतात आणि हीट सिंक ४० अंश चढला, म्हणून. एका ट्रान्झिस्टरच्या बाजूने बघितलं तर जंक्शन ते केस १.५२, मायका-पेस्ट ०.४ आणि हीट सिंक दोघांनी मिळून तापवायचा म्हणून २ चे ४. एकूण ५.९२.

५० मिली अँपियरला re होतो ०.५२ ओहम. उत्तर येतं ०.५३. चक्र विझतं, म्हणून तुम्हाला तीन तास आकडा हललेला दिसत नाही. पण करंट वाढला की re लहान होतो. २८० मिली अँपियरला तो ०.०९ वर येतो आणि उत्तर होतं १.७. तुमचं सर्किट साधारण २१० मिली अँपियरच्या कड्यापर्यंत ढकललं तर मागे फिरून ५० वर येतं. कडा ओलांडला की परत येत नाही. गाण्याने हीट सिंक तापवला आणि तुम्हाला कड्यापलीकडे, २८० वर नेऊन ठेवलं. गाणं थांबलं तरी आता आयडल करंटच हीट सिंक गरम ठेवायला पुरेसा आहे.

---

मिलिव्होल्ट

काका, २८० म्हणजे माझे २८ मिलिव्होल्ट! जुळलं. मग हीट सिंक मोठा केला की कडा लांब जाईल ना?

---

शंतनू_क

मी हिशोब करून देतो, सोपा आहे. ४ ओहम लोडला जोडीत जास्तीत जास्त उष्णता

```
P = 2 × Vcc² / (π² × RL) = 2 × 784 / (9.87 × 4) = 39.7
```

म्हणजे एका ट्रान्झिस्टरला २० वॅट. वीजपुरवठा १० टक्के चढला तर वर्गाने वाढणार, म्हणून २५ धरा. जंक्शन १३० पर्यंत जाऊ द्या, डब्यातली हवा ५०. १३० मधून ५० गेले, राहिले ८०. त्यातले २५ × १.९२ = ४८ आतच खर्च झाले. उरले ३२ अंश. ३२ भागिले २५ = १.२८. दुकानात १.२ चा मागा.

---

जुना_रेडिओवाला

शंतनू, सगळं बरोबर, शेवटचा भागाकार चुकला. जंक्शन आणि मायकामधून एकाच ट्रान्झिस्टरचे २५ वॅट जातात, पण हीट सिंकमधून दोघांचे ५०. ३२ भागिले ५०, म्हणजे ०.६४ अंश प्रति वॅट. १.२८ चा घेतला तर हीट सिंक ११४ अंशांवर आणि जंक्शन १६२ वर जाईल. ट्रान्झिस्टर लगेच मरणार नाही, त्याची मर्यादा २०० आहे, पण बायसची सगळी गणितं कोसळतील. दोन्ही चॅनल एकाच हीट सिंकवर असतील तर भागाकार १०० ने, म्हणजे ०.३२. तेवढा मोठा घेण्यापेक्षा दोन वेगळे बरे.

---

शंतनू_क

हो, चुकलंच. पण काका, गाणं म्हणजे सतत साइन वेव्ह नाही. सरासरी पॉवर फार तर पूर्ण पॉवरच्या आठव्या हिश्शाएवढी. मग २५ वॅट धरायची गरज काय? ७-८ धरा, हीट सिंक निम्म्याहून लहान होईल.

---

वैदर्भी

इथेच गफलत होते. क्लास बीमध्ये आउटपुट कमी म्हणजे उष्णता त्याच प्रमाणात कमी, असं नसतं. साइन वेव्हसाठी हिशोब करून बघा: सर्वांत जास्त उष्णता पूर्ण पॉवरच्या सुमारे ४० टक्क्यांवर निघते. पूर्ण आवाजाला ती त्याच्या ६७ टक्के, आणि आठव्या हिश्शाच्या पॉवरवर ८० टक्के! म्हणजे तुम्ही सांगता त्या पॉवरवरही २५ चे २० वॅट आहेतच. गाण्यात मधल्या शांत जागा असतात त्यामुळे आणखी थोडं कमी होईल, पण निम्म्याहून लहान मुळीच नाही. मंडपात आठ तास दाबून वाजवलेला ढोल-ताशाचा रेकॉर्डिंगचा ट्रॅक असेल तर मी एक वॅटही सूट देणार नाही.

---

शंतनू_क

८० टक्के? करून बघितलं. आठव्या हिश्शाला ०.१६३ येतात आणि सर्वांत जास्त उष्णतेला ०.२०३. हो, बरोबर आहे. हे मला आजवर उलटं वाटत होतं.

तरी जंक्शन १३० वर अडवणं जरा जास्तच सावधपणाचं आहे असं माझं मत. २०० चा पार्ट १५० वर आरामात चालतो. तसं केलं तर हीट सिंक १.०४ चा पुरतो, किंमत आणि वजन दोन्ही बरंच कमी.

---

जुना_रेडिओवाला

चालतो, नाही म्हणत नाही. मी १३० धरतो कारण डेटाशीटचा १.५२ हा आकडा आपल्या हातातल्या तुकड्याचा असेलच असं नाही, आणि हीट सिंक १०२ अंशांवर असेल तर शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. ८२ अंशांचा हीट सिंकसुद्धा हाताला भाजतो, पण डब्यातल्या बाकी पार्टांना सोसतो.

---

गच्चीवरचा_अँटेना

एवढा खटाटोप कशाला, मॉसफेट वापरा. मॉसफेट तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट आपोआप कमी होतो. रनअवे होतच नाही.

---

वैदर्भी

हे स्विचिंगमध्ये खरं, जिथे मॉसफेट पूर्ण चालू असतो. अॅम्प्लिफायरच्या आयडल करंटला IRFP240 सारख्या मॉसफेटचं थ्रेशोल्ड तापमानाबरोबर उतरतं आणि करंट वाढतो, ट्रान्झिस्टरसारखाच. तो उलटा वळतो अनेक अँपियरनंतर. तुम्ही म्हणता तसं आयडललाच वागतात ते लॅटरल मॉसफेट, 2SK1058 सारखे, त्यांचा वळणबिंदू साधारण १०० मिली अँपियरला असतो. ते आता महाग आणि नकली मालही बराच.

---

मिलिव्होल्ट

मूळ मुद्द्यावर येतो. ०.६४ चा हीट सिंक घेतला आणि बाकी काही बदललं नाही तर?

---

जुना_रेडिओवाला

मग एकूण ५.९२ चे ३.२ होतील. कडा लांब जाईल, पण पुसला जाणार नाही. ०.१ ओहमचा एमिटर रेझिस्टर फार लहान आहे. करंट कितीही वाढून re शून्याजवळ गेला तरी मध्ये RE उभा असतो. ०.१ ला ते उत्तर सर्वांत वाईट परिस्थितीत १.८ पर्यंत जातं. RE ०.३३ केला तर

```
G(max) = 28 × 0.002 / 0.33 × 3.2 = 0.54
```

करंट कितीही असो, याच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे कडाच उरला नाही. आणि गंमत बघा, हीट सिंक जुना २ चाच ठेवून फक्त RE बदलला तर उत्तर १.० येतं, अगदी काठावर. म्हणून दोन्ही बदला. एकाने काम होणार नाही.

०.३३ ओहम ५ वॅटचा सिमेंटचा घ्या. ४ ओहमवर थोडी पॉवर त्यात जाईल, ती किंमत द्यायची.

तिसरं, BD139 पीसीबीवरून काढून हीट सिंकवर आणा, दोन्ही ट्रान्झिस्टरच्या मधोमध. त्याची मागची धातूची पट्टी कलेक्टरला जोडलेली असते, म्हणून मायका आणि बुश विसरू नका. तिन्ही वायरी आखूड आणि पिळून घ्या, कलेक्टर-एमिटरवर ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवा.

---

वैदर्भी

BD139 हीट सिंकवर नको, थेट 2N3055 च्या टोपीवर क्लिपने बसवा. २५ वॅटला केस हीट सिंकपेक्षा १० अंश वर असते आणि हीट सिंक तापायला मिनिटं लागतात. टोपीवरचा सेन्सर आधी ओळखतो.

---

जुना_रेडिओवाला

टोपी आणि चिपमध्ये हवा असते, चिप खालच्या तळाला बसवलेली. टोपीला उष्णता तळावरूनच वर चढून मिळते. मला फरक इतका मोठा वाटत नाही, आणि क्लिप सैल झाली की बायस थेट वर जाणार.

---

वैदर्भी

तळाच्या कडेला, स्क्रूच्या वॉशरखाली टॅग घालून बसवला तरी हीट सिंकपेक्षा लवकर कळतं. यावर आपलं जमायचं नाही, मिलिव्होल्ट यांनी दोन्ही करून आकडे द्यावेत.

आणि एक गोष्ट आधी तपासा. प्रीसेट BD139 च्या बेस-एमिटर बाजूला आहे ना? तिथे असेल तर घासून वायपर सुटला तरी बायस कमी होतो, ट्रान्झिस्टर वाचतात. बेस-कलेक्टर बाजूला असेल तर वायपर सुटताच बायस पूर्ण वर. आता वायरी लांबवणार आहात, कलेक्टरची वायर तुटली तर हेच होईल, म्हणून ती स्क्रूच्या धारेवर घासत नाही ना बघा.

---

सांगलीकर

मी आधी घाईत बोललो. पण हीट सिंकवर ०.६४ लिहिलेलं कुठे असतं? लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत "सहा इंची, जाड फिनचा" एवढंच सांगतात.

---

वैदर्भी

मोजा. ४.७ ओहम ५० वॅटचा अॅल्युमिनियमच्या खोळीतला रेझिस्टर हीट सिंकला पेस्ट लावून, स्क्रू घट्ट करून बसवा. १२ व्होल्टचा एसएमपीएस जोडा, ३०.६ वॅट जळतील. ज्या स्थितीत डब्यात बसणार त्याच स्थितीत ठेवा, म्हणजे फिन उभे, खाली-वर हवेला वाट मोकळी. फिन आडवे ठेवून मोजलंत तर आकडा वाईट येईल. तासाभराने, दहा मिनिटांत आकडा अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलत नसेल तेव्हा, रेझिस्टरच्या शेजारी हीट सिंकचं तापमान घ्या. त्यातून खोलीचं तापमान वजा करून ३०.६ ने भागा.

चकचकीत अॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड बंदूक चुकीचं, फार कमी तापमान दाखवते. काळा इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा, किंवा थर्मोकपल वापरा.

---

तारकाम

लहान हीट सिंकला पंखा लावला तर?

---

वैदर्भी

चालतं, आकडा निम्म्याहून खाली येतो. पण पंखा धुळीने अडकला की तुम्ही पुन्हा कड्यावर. पंखा लावलात तर हीट सिंकवर ७५ अंशांचा नॉर्मली क्लोज्ड थर्मल स्विच बसवा आणि त्यातून सप्लायचा रिले चालवा.

---

शंतनू_क

पेस्टबद्दल कोणी बोललं नाही. मायका कोरडा ठेवला तर ०.४ चे १ होतात. २५ वॅटला १५ अंश फुकट. पण चमच्याने थापू नका. मायकाच्या दोन्ही बाजूंना इतका पातळ थर की खालचा धातू अंधुक दिसेल, आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळा. एक स्क्रू आधी पूर्ण आवळला तर ट्रान्झिस्टरची दुसरी बाजू उचलली जाते. हीट सिंकच्या भोकांची बर काढली नाही तर मायका फाटतो, म्हणून सप्लाय देण्याआधी केस ते हीट सिंक मल्टिमीटरने तपासा.

---

मिलिव्होल्ट

केलं. आधी जुना हीट सिंक ताईंच्या पद्धतीने मोजला. खोली ३१, हीट सिंक ९२. म्हणजे १.९९. काकांनी धरलेले २ बरोबर निघाले.

नवीन दोन हीट सिंक आणले, प्रत्येक चॅनलला एक. मोजल्यावर २१ अंश चढला, ०.६९. ०.६४ नाही मिळाला. RE ०.३३ केले, BD139 हीट सिंकवर मधोमध. प्रीसेट बेस-एमिटर बाजूलाच होता. पहिल्यांदा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला, बल्ब एकदा चमकून मंद झाला.

४ ओहमच्या डमी लोडवर, सगळ्यात जास्त उष्णतेच्या पॉवरवर एक तास: हीट सिंक ५९. सिग्नल काढताच RE वर २४ मिलिव्होल्ट (७३ मिली अँपियर), पंधरा मिनिटांत १७. आधी लावलेले होते १६.५. परत आला!

टोपीवर क्लिप लावून उद्या मोजतो. पण एक कळत नाही: सिग्नल काढल्यावर पहिला मिनिटभर २४ वरून १५ वर, म्हणजे लावलेल्यापेक्षाही खाली जाऊन मग १७ वर येतो. हे कशामुळे?

---

जुना_रेडिओवाला

जंक्शन काही सेकंदांत गार होतं, हीट सिंक आणि त्यावरचा BD139 अजून गरमच. तेवढा वेळ BD139 गरजेपेक्षा जास्त बायस कमी करतो. १५ च्या खाली जात नसेल तर क्रॉसओव्हर ऐकू येणार नाही. १० च्या खाली गेला तर सांगा, मग BD139 च्या एमिटरला थोडा रेझिस्टर घालून त्याचा जोर कमी करता येईल. ०.६९ ने जंक्शन अडीच अंश वाढेल, त्याची काळजी नको.

---

वैदर्भी

उद्याच्या मोजणीत टोपीवर लावल्यावर हा खड्डा किती खोल जातो तेही लिहा. दर दहा सेकंदांना एक आकडा, दोन मिनिटं.